तीच सिरीज, दोन उत्तरं: 0.6931 की 1.0397?

1 − 1/2 + 1/3 − 1/4 + 1/5 − … ही सिरीज मॅथ्समध्ये बी.एससी. केलेल्या प्रत्येकाच्या वहीत असते आणि तिची बेरीज ln 2, म्हणजे 0.693147…, हेही बहुतेकांना पाठ असतं. तरी माझ्या बॅचमधल्या, एम.एससी. प्रवेशासाठीच्या जॅम परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलाच्या लॅपटॉपवर हिची बेरीज 1.0397 आली. मुलगा हुशार आहे, कोड साधा होता, आणि कोडमध्ये टायपिंगची चूकही नव्हती. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहायला घेतलं, कारण अॅब्सोल्युट आणि कंडिशनल कन्व्हर्जन्समधला फरक आपण परीक्षेपुरता पाठ करतो पण तो नक्की कुठे चावतो हे इतकं स्वच्छ क्वचित दिसतं.

त्याने काय केलं होतं, तर पॉझिटिव्ह टर्म वेगळ्या लूपमध्ये बेरीज केल्या, निगेटिव्ह वेगळ्या, आणि शेवटी वजाबाकी. त्याचा कोड असा होता:

```python
m = 10**6
plus  = sum(1/(2*k-1) for k in range(1, 2*m+1))
minus = sum(1/(2*k)   for k in range(1, m+1))
print(plus - minus)
```

बघा, पॉझिटिव्ह टर्म 20 लाख घेतल्यात आणि निगेटिव्ह 10 लाख. हे त्याने मुद्दाम काही साधायला केलं नव्हतं, त्याचं म्हणणं एवढंच की दोन्हीकडे अनंत टर्म आहेत, मग 10 लाख घ्या नाहीतर 20 लाख, टर्म एवढ्या लहान झाल्यात की काय फरक पडणार. आउटपुट आलं 1.0397205. मग त्याने m दहापट केला, तरी 1.03972 हलेना, आणि तिथे तो जास्तच गोंधळला, कारण उत्तर चुकीचं असतं तर m वाढवल्यावर ते सरकायला हवं होतं असं त्याला वाटलं. "मॅडम, आकडा तर मस्त स्थिर होतोय, पण चुकीच्या जागी." हे वाक्य मला फार आवडलं, कारण प्रकरणाचा सगळा गाभा त्यातच आहे.

पहिला संशय त्याने घेतला तो फ्लोटिंग पॉइंटवर, राउंडिंगची चूक साचत गेली असणार. हा संशय दोन मिनिटांत निकाली काढता येतो आणि काढायलाच हवा, नाहीतर प्रत्येक विचित्र उत्तराचं खापर राउंडिंगवर फुटतं. plus ची किंमत येते सुमारे 8.236 आणि minus ची 7.196. एवढ्या आकाराच्या संख्यांमध्ये एका बेरजेला होणारी राउंडिंगची चूक जास्तीत जास्त 10⁻¹⁵ च्या आसपास असते, बेरजा झाल्या 30 लाख, सगळ्या चुका एकाच दिशेने पडल्या असं अगदी वाईटात वाईट धरलं तरी एकूण चूक 3 × 10⁻⁹. आपला फरक आहे 0.3466. म्हणजे राउंडिंग शंभर टक्के निर्दोष.

मग खरंच ही बेरीज 1.0397 कडे जाते का? जाते. आणि यासाठी कॉम्प्युटरचीही गरज नाही, कागदावर दिसतं. दोन पॉझिटिव्ह टर्मनंतर एक निगेटिव्ह अशी त्याची बेरीज मांडूया, म्हणजे (1 + 1/3 − 1/2) + (1/5 + 1/7 − 1/4) + (1/9 + 1/11 − 1/6) + … असे तीन-तीनचे गट. पहिला गट 0.8333, म्हणजे बरोबर 5/6. दुसरा 0.0929, तिसरा 0.0354. आता k-वा गट म्हणजे 1/(4k−3) + 1/(4k−1) − 1/(2k), यातल्या पहिल्या दोघांची बेरीज 1/(2k) पेक्षा नेहमी मोठीच असते (छेद सारखे करून बघा, शेवटी 8k > 3 एवढंच उरतं). म्हणजे प्रत्येक गट पॉझिटिव्ह, बेरीज 5/6 पासून सुरू होते आणि वरच जाते. ती 0.6931 ला येण्याचा प्रश्नच नाही.

उलट मूळ क्रमात बघा. पहिल्या तीन टर्मची बेरीज 1 − 1/2 + 1/3, पुन्हा तीच 5/6! तिथून पुढे − 1/4 + 1/5, − 1/6 + 1/7 अशा जोड्या पाडल्या की प्रत्येक जोडी निगेटिव्ह, म्हणजे बेरीज 5/6 वरून खालीच येते. तेच तीन आकडे, तोच 5/6, पण एका क्रमात बेरीज तिथून वर सुटते आणि दुसऱ्या क्रमात खाली. टर्म दोन्हीकडे अगदी सारख्या आहेत, एकही गाळलेली नाही, एकही दोनदा घेतलेली नाही. 1/1000 हवी असेल तर ती दुसऱ्या क्रमातही येतेच, फक्त उशिरा. आणि तरी उत्तर वेगळं. मला वाटतं ज्याला हा विषय शिकवायचा आहे त्याने थिअरमच्या आधी हा 5/6 दाखवावा, कारण यानंतर "क्रम बदलला तरी बेरीज तीच" हे कोणी गृहीत धरत नाही.

आता फरक आला कुठून, हे नीट बघू. m गट झाल्यावर आपण किती टर्म घेतल्यात? निगेटिव्ह 1/2 पासून 1/(2m) पर्यंत. पॉझिटिव्ह 1 पासून 1/(4m−1) पर्यंत. यातला 2m-व्या टर्मपर्यंतचा भाग म्हणजे मूळ सिरीजचीच 2m टर्मची बेरीज, ती 0.6931 कडे चाललीय, तिच्याबद्दल तक्रार नाही. वर उरल्या त्या 1/(2m+1), 1/(2m+3), … 1/(4m−1) या विषम टर्म, ज्यांच्या जोडीच्या सम टर्म अजून आलेल्याच नाहीत. याला मी उचल म्हणते. पगाराआधी घेतलेली उचल जशी पुढे फेडायची असते तशा या पॉझिटिव्ह टर्म आगाऊ घेतल्यात आणि त्यांच्या निगेटिव्ह टर्म पुढे येणार आहेत. प्रश्न एवढाच की पुढे जाता जाता ही उचल शून्याकडे जाते का.

मोजूया. m = 1 ला उचल 1/3. मूळ बेरीज 0.5, अधिक 0.3333, झाले 0.8333. m = 2 ला उचल 1/5 + 1/7 = 0.3429, मूळ बेरीज 0.5833, मिळून 0.9262. m = 3 ला 1/7 + 1/9 + 1/11 = 0.3449, मूळ 0.6167, मिळून 0.9615. म्हणजे उचल कमी होतच नाहीये, उलट किंचित वाढतेय! कारणही सोपं आहे. उचलीत m टर्म आहेत आणि त्यातली सगळ्यात लहानसुद्धा 1/(4m) पेक्षा मोठी, म्हणजे एकूण उचल कायम 1/4 च्या वर. एकेक टर्म कितीही बारीक झाली तरी त्यांची संख्या तेवढ्याच वेगाने वाढते. हिशोब पूर्ण केला तर उचल जाते (1/2) ln 2 कडे, म्हणजे 0.3466, आणि 0.6931 + 0.3466 = 1.0397. त्या मुलाचा "चुकीचा" आकडा हाच.

"टर्म एवढ्या लहान झाल्यात की काय फरक पडणार" हे त्याचं वाक्य इथे पडतं. फरक एका टर्मचा नसतो, टर्मच्या मोठ्या घोळक्याचा असतो. आणि घोळका किती वजनाचा होऊ शकतो हे चिन्हं काढून टाकलेली सिरीज ठरवते.

हे पटावं म्हणून मी त्याला त्याच कोडमध्ये 1/n च्या जागी 1/n² टाकायला सांगितलं, बाकी काही बदलायचं नाही, 20 लाख आणि 10 लाख तसेच. 1 − 1/4 + 1/9 − 1/16 + … ची खरी बेरीज π²/12, म्हणजे 0.822467033. त्याच्या वाकड्या कोडने दिलं 0.822467158. सातव्या दशांश स्थळावर फरक आहे, तोही m वाढवला की कमी होत जातो. इथेही उचल आहेच, m टर्मची, पण प्रत्येक टर्म 1/(4m²) पेक्षा लहान, म्हणून एकूण उचल 1/(4m) च्या आत, म्हणजे फिटत जाणारी. क्रम तोच बिघडवलेला, एका सिरीजला काही झालं नाही आणि दुसरीचं उत्तर दीडपट झालं.

तर आता व्याख्या. सगळ्या टर्मची चिन्हं पुसून, म्हणजे मॉड घेऊन, जी सिरीज मिळते ती कन्व्हर्ज होत असेल तर मूळ सिरीज अॅब्सोल्युटली कन्व्हर्जंट. चिन्हं पुसली की डायव्हर्ज होते पण चिन्हांसकट कन्व्हर्ज होते, तर कंडिशनली कन्व्हर्जंट. 1/n² वाली पहिल्या प्रकारातली. 1/n वाली दुसऱ्या, कारण चिन्हं पुसली की हार्मोनिक सिरीज, आणि ती डायव्हर्ज होते (1/3 + 1/4 हे 1/2 पेक्षा जास्त, पुढच्या चार टर्म मिळून पुन्हा 1/2 पेक्षा जास्त, पुढच्या आठ पुन्हा, हे कधी संपत नाही).

याच गोष्टीचा दुसरा चेहरा त्याच्या plus आणि minus मध्ये दिसतो. त्याने m दहापट केला तेव्हा plus आणि minus दोन्ही साधारण 1.15 ने वाढले होते, फक्त त्याने ते वेगळे प्रिंट केले नव्हते म्हणून लक्षात आलं नाही. दोन्ही अनंताकडे चाललेत, फरक तेवढा स्थिर. 1/n² मध्ये तसं नाही, तिथे plus जातो π²/8 कडे, 1.2337, आणि minus π²/24 कडे, 0.4112, दोघंही आपापल्या जागी थांबतात आणि वजाबाकीला अर्थ राहतो. कंडिशनल सिरीजमध्ये पॉझिटिव्ह भाग आणि निगेटिव्ह भाग दोन्ही अनंतच असतात, नेहमी, कारण दोघंही सांत असते तर मॉडची बेरीजही सांत झाली असती, आणि एकच सांत असता तर मूळ सिरीजच कन्व्हर्ज झाली नसती. म्हणजे "पॉझिटिव्ह वेगळे करून मग निगेटिव्ह वजा करू" ही कल्पना इथे अनंतातून अनंत वजा करण्याची आहे, आणि मग उत्तर काय येणार हे तुम्ही दोघांना किती-किती पुढे नेलं यावर ठरतं. दोन्ही लूप m पर्यंतच चालवले असते तर 0.6931 आलं असतं. म्हणून कोडची दुरुस्ती एका जागी, 2*m च्या ऐवजी m. पण का, हे कळल्याशिवाय ती दुरुस्ती योगायोगच ठरली असती.

पुढचा प्रश्न त्यानेच विचारला, की मग 20 आणि 10 ऐवजी दुसरं प्रमाण घेतलं तर? उचलीचाच हिशोब पुन्हा केला की निघतं: दर गटात p पॉझिटिव्ह आणि q निगेटिव्ह घेतल्या तर बेरीज ln 2 + (1/2) ln(p/q). 2 आणि 1 घेतले की 1.0397. 1 आणि 2 घेतले की 0.3466, म्हणजे मूळ बेरजेच्या बरोबर निम्मं (व्हॉट्सअॅपवर 2 = 1 सिद्ध करणारं जे फिरतं त्याची एक जात इथूनच येते, त्यात हा क्रमबदल गुपचूप केलेला असतो). आणि 1 पॉझिटिव्हला 4 निगेटिव्ह घेतल्या, 1 − 1/2 − 1/4 − 1/6 − 1/8 + 1/3 − …, तर बेरीज शून्य. पहिल्याच गटाची बेरीज येते −0.0417, करून बघा.

प्रमाण ठराविक नसलं तरी चालतं. समजा मला बेरीज 3 हवीय. पॉझिटिव्ह टर्म घेत सुटायचं, 3 ओलांडेपर्यंत, ओलांडेलच कारण पॉझिटिव्हचा साठा अनंत आहे. मग एकेक निगेटिव्ह घ्यायची, 3 च्या खाली येईपर्यंत. मग पुन्हा पॉझिटिव्ह. दर वेळी 3 च्या जितकं पुढे-मागे जाऊ ते शेवटच्या घेतलेल्या टर्मपेक्षा जास्त नसतं, आणि टर्म शून्याकडे चालल्यात, म्हणून बेरीज 3 वर येऊन बसते. 3 च्या जागी कोणतीही संख्या चालेल. हा रीमानचा निकाल, 1854 मधल्या त्याच्या प्रबंधातला, जो त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. त्याआधी 1837 मध्ये डिरिक्लेने दाखवलं होतं की मॉडची सिरीज कन्व्हर्ज होत असेल तर कसाही क्रम लावा, बेरीज बदलत नाही, आणि तसं नसेल तर बदलू शकते.

इथे एक मर्यादा सांगायलाच हवी, नाहीतर माणूस उगाच घाबरून जातो. कंडिशनल सिरीजला हात लावला की उत्तर बदललंच असं नाही. प्रत्येक टर्म आपल्या जागेवरून ठराविक अंतराच्या आतच हलत असेल, समजा जास्तीत जास्त 100 जागा, तर बेरीज बदलत नाही, कारण तेव्हा कोणत्याही क्षणी उचल 100 टर्मच्या आसपासच राहते आणि त्या टर्म शून्याकडे जातात. आपल्या उदाहरणात काय होतं, तर 1/(2m) ही टर्म मूळ जागा 2m वरून 3m वर जाते, म्हणजे m जागा मागे, आणि हे अंतर वाढतच जातं. बिघडतं ते यामुळे. तसंच क्रम न बदलता नुसते कंस घातले, जसं (1 − 1/2) + (1/3 − 1/4) + …, तर कन्व्हर्जंट सिरीजची बेरीज तीच राहते. कंस घालणं वेगळं, जागा बदलणं वेगळं.

आता कागदावर ओळखायचं कसं, कारण परीक्षेत तेच विचारतात आणि तिथेच मार्क जातात. मी क्रम असा लावते की आधी चिन्हं पुसा आणि मॉडची सिरीज तपासा. ती कन्व्हर्ज झाली तर काम संपलं, अॅब्सोल्युट, लाइबनिट्झ टेस्टचं नावही काढायचं नाही. ती डायव्हर्ज झाली तरच मूळ सिरीजकडे वळा आणि लाइबनिट्झ लावा: चिन्हं आलटून पालटून, मॉड घटत जाणारा, आणि शून्याकडे जाणारा. उत्तरपत्रिकांत दोन अर्धवट उत्तरं सारखी दिसतात. एक, "लाइबनिट्झ लागू होते म्हणून कंडिशनली कन्व्हर्जंट". लाइबनिट्झ 1/n² लाही लागू होते आणि ती तर अॅब्सोल्युट आहे, लाइबनिट्झ फक्त कन्व्हर्जंट एवढंच सांगते. दोन, "मॉडची सिरीज डायव्हर्ज म्हणून कंडिशनली कन्व्हर्जंट". (−1)ⁿ n/(n+1) चा मॉडही डायव्हर्ज होतो, पण टर्म शून्याकडेच जात नाहीत, त्यामुळे ती सिरीज कन्व्हर्जच होत नाही. कंडिशनल म्हणायला दोन्ही अर्धे लिहावे लागतात.

रेशो टेस्ट इथे बहुतेक वेळा उपयोगाची नाही, 1/n, 1/n², 1/√n सगळ्यांना लिमिट 1 येतं आणि टेस्ट गप्प बसते. रेशोने 1 पेक्षा लहान लिमिट दिलं तर ती सिरीज अॅब्सोल्युटच असते, म्हणजे कंडिशनल सिरीज रेशो टेस्टने कधी सापडणारच नाही. घातांकाचा हिशोब मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे: (−1)ⁿ/nᵖ ही p > 1 ला अॅब्सोल्युट, 0 < p ≤ 1 ला कंडिशनल, p ≤ 0 ला डायव्हर्जंट.

पण सगळ्यात फसवी जागा वेगळी आहे आणि तिच्यावर मी मुद्दाम वेळ घालवते. ही सिरीज घ्या, n = 2 पासून: (−1)ⁿ / (√n + (−1)ⁿ). बघितल्याबरोबर वाटतं की छेदात √n मोठा, (−1)ⁿ नगण्य, म्हणजे ही (−1)ⁿ/√n सारखीच, ती लाइबनिट्झने कन्व्हर्ज होते, म्हणून ही पण. लिमिट कंपॅरिझन लावलं तर गुणोत्तराचं लिमिट 1 येतंही. आणि तरी ही सिरीज डायव्हर्ज होते. अंश-छेदाला √n − (−1)ⁿ ने गुणा, टर्म होते (−1)ⁿ√n/(n−1) वजा 1/(n−1). पहिला तुकडा लाइबनिट्झने कन्व्हर्ज, दुसरा सरळ हार्मोनिक. एक कन्व्हर्ज आणि एक डायव्हर्ज, एकूण डायव्हर्ज. कुठे फसलो? लिमिट कंपॅरिझन टेस्ट फक्त पॉझिटिव्ह टर्मच्या सिरीजसाठी आहे, चिन्हं बदलणाऱ्या सिरीजला ती लागूच नाही. आणि लाइबनिट्झची घटत जाण्याची अट इथे पूर्ण होत नाही, टर्मचे मॉड लिहून काढा, 0.414, 1.366, 0.333, 0.809, 0.290, खाली-वर खाली-वर चाललेत. पॉझिटिव्ह टर्म सातत्याने थोड्या लहान आणि निगेटिव्ह थोड्या मोठ्या, आणि तो थोडा-थोडा फरक साचून हार्मोनिक बनतो. अॅब्सोल्युट सिरीजमध्ये असा "नगण्य" फेरफार चालतो, टर्मचं गुणोत्तर 1 कडे जात असेल तर नवी सिरीजही अॅब्सोल्युटच राहते. कंडिशनल सिरीज इतक्या बारीक तोलावर उभी असते की 1/n एवढा फेरफारही तिला पाडतो.

त्या मुलाचा शेवटचा प्रश्न रास्त होता. "पण मॅडम, प्रत्यक्षात कोण कशाला क्रम बदलेल?" सिरीज एका रेषेत 1, 2, 3 अशी दिलेली असेल तर खरंच कोणी बदलत नाही, क्रम समोरच असतो. अडचण येते ती क्रम दिलेलाच नसतो तेव्हा, आणि याचं खरं उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठात आहे. मिठाच्या क्रिस्टलमध्ये सोडियम आणि क्लोरीनचे आयन तिन्ही दिशांना आलटून पालटून बसलेले असतात, आणि एका आयनवर बाकी सगळ्यांचा मिळून विद्युत परिणाम किती हे काढायला (−1)^(i+j+k) / √(i² + j² + k²) या टर्मची तिन्ही दिशांनी बेरीज करावी लागते. एर्विन माडेलुंगने 1918 मध्ये हा हिशोब मांडला म्हणून त्या आकड्याला माडेलुंग कॉन्स्टंट म्हणतात, मिठासाठी तो (चिन्ह सोडून) 1.7476. ही बेरीज अॅब्सोल्युट नाही, चिन्हं पुसली की अनंत होते. आणि इथे पहिली टर्म कुठली, दुसरी कुठली, हे निसर्गाने सांगितलेलं नाही.

सगळ्यात सहज सुचणारा क्रम म्हणजे जवळचे आधी, लांबचे नंतर, म्हणजे गोल वाढवत न्यायचा. 1 अंतरावर 6 शेजारी, विरुद्ध चार्जचे: 6. √2 अंतरावर 12, त्याच चार्जचे: 8.485 वजा. √3 वर 8: 4.619 अधिक. 2 वर 6: 3 वजा. √5 वर 24: 10.733 अधिक. √6 वर 24: 9.798 वजा. बेरीज अशी चालते: 6, −2.485, 2.134, −0.866, 9.867, 0.069. एकाच अंतरावरचे सगळे आयन एकाच चिन्हाचे असतात आणि अंतर वाढलं तरी त्यांची संख्याही वाढते, म्हणून एकेका थराचा वाटा शून्याकडे जातच नाही. गोलाने केलेली ही बेरीज कधीच कन्व्हर्ज होत नाही.

तेच घन वाढवत नेला तर? 1 बाजूपर्यंतचा घन, म्हणजे i, j, k प्रत्येकी −1 ते 1: 6 − 8.485 + 4.619 = 2.134. पुढचा, −2 ते 2, सगळे 124 शेजारी धरून: 1.517. पुढे घन वाढेल तसतशी बेरीज 1.7476 च्या वर-खाली होत जवळ येते आणि तिथेच कन्व्हर्ज होते. घनाच्या पृष्ठभागावर दोन्ही चिन्हांचे आयन जवळजवळ सारखे असतात, त्यामुळे काठावरची उचल फिटत जाते, गोलाच्या काठावर ती फिटत नाही. त्या मुलाने संध्याकाळी ही तीन लूपची बेरीजही लिहून आणली, आणि यावेळी कोडच्या पहिल्या ओळीत कॉमेंट होती की बेरीज घनाच्या क्रमाने केली आहे.